एंटर दाबला की अर्धाच मेसेज जातो? माझा अनुभव

कॉम्प्युटरवर चॅटमध्ये "नमस्कार," लिहून खालच्या ओळीवर जायला एंटर दाबला की तेवढंच पाठवलं जायचं, वैताग नुसता. कारण साधं आहे, डॉक्युमेंट आणि ईमेलमध्ये एंटर म्हणजे नवी ओळ, फोनवरही बहुतेक तसंच, पण कॉम्प्युटरवरच्या चॅटमध्ये एंटर म्हणजे सेंड, आणि बोटं आपली जुन्याच सवयीने चालतात.

लक्ष ठेवून टाइप करणं दोन ओळी टिकतं. शिफ्ट+एंटरने नवी ओळ येते, पण घाईत शिफ्ट राहतोच.

शेवटी सेटिंगच बदललं. Slack मध्ये Preferences, मग Advanced, तिथे एंटर दाबल्यावर काय व्हावं असं विचारलंय त्यात Start a new line निवडा. आता पाठवायला कंट्रोल+एंटर (मॅकवर कमांड+एंटर), आणि हे चुकून सहसा दाबलं जात नाही.

हे सेटिंग प्रत्येक अॅपमध्ये नसतं, तिथे लांब मेसेज नोटपॅडमध्ये लिहून पेस्ट करते. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांनी अजून एक बघा, शब्द निवडायला एंटरऐवजी स्पेस वापरा, कारण सुचवलेल्या शब्दांची यादी आधीच बंद झाली असेल तर तोच एंटर मेसेज पाठवून मोकळा होतो.