तीन दिवसांच्या कबड्डी स्पर्धेत पंचांच्या नेमणुका कशा कराव्यात

सोळा संघ, चार गट, दोन मैदाने. साखळीचे 24 सामने पहिल्या दोन दिवसांत आणि बाद फेरीचे सात तिसऱ्या दिवशी. रोज संध्याकाळी 5 ते 11. पुरुषांचा सामना 20-5-20 मिनिटांचा. नाणेफेक, टाइमआऊट धरून प्रत्येकाला एक तास द्या. गुणलेखकांची यादी वेगळी करा. इथे फक्त सरपंच आणि दोन पंच, म्हणजे सामन्याला तिघे, एका तासाला सहा जण.

आधी विश्रांतीचा नियम ठरवा. मी सलग दोन सामन्यांनंतर एक तास सुट्टी आणि दिवसाला जास्तीत जास्त चार सामने धरतो. दिवसाच्या 36 नेमणुका भागिले चार, म्हणजे किमान नऊ जण. त्यांच्या तिघा-तिघांच्या तुकड्या करा: पहिल्या तासाला पहिली-दुसरी, मग पहिली-तिसरी, मग दुसरी-तिसरी, आणि पुन्हा तेच. कागदावर अगदी चपखल बसतं. पण एकाला ऑफिसमधून निघायला उशीर झाला की कोसळतं. म्हणून बारा जण बोलवा.

आता हितसंबंध. स्वतःच्या मंडळाचा किंवा घरातलं कुणी खेळत असलेल्या संघाचा सामना द्यायचा नाही, हे सगळ्यांना कळतं. निसटतं ते वेगळंच: आपल्या मंडळाच्या गटातला दुसऱ्या दोघांचा सामना. आपला संघ पुढे जाणार की नाही, हे त्याच निकालावर ठरू शकतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या पंचाला अख्खा गट बंद.

यादी पहिल्या तासापासून भरू नका. सगळ्यांत अडचणीच्या तासापासून भरा. समजा, ब गटाचे शेवटचे दोन सामने दुसऱ्या दिवशी रात्री 10 वाजता एकाच वेळी आहेत. बारांपैकी तिघे ब गटातल्या मंडळांचे, दोघांना नऊनंतर थांबता येत नाही. उरले सात, हवेत सहा. सुरुवातीपासून भरत आलात, तर या सातांतले दोघे आठ आणि नऊ वाजताचे सामने करून बसलेले असतात आणि तास रिकामा राहतो. तेव्हा ही सहा नावं आधी लिहा, मग मागे या.

एकाच माणसाला दोन मैदानांवर उभं केलं नाही ना, हे शीटमध्ये तपासा. प्रत्येक नेमणुकीला एक ओळ. A मध्ये दिवस-तास, D मध्ये नाव:

```
=COUNTIFS($A:$A,$A2,$D:$D,$D2)
```

उत्तर 1 पेक्षा जास्त आलं की घोळ आहे.

बाद फेरीची नावं साखळी संपल्यावरच लिहा. उरलेल्या आठ संघांपैकी कुणाशीही संबंध नसलेले तिघे अंतिम सामन्यासाठी बाजूला ठेवा. उपांत्य सामने त्यांना देऊ नका. चौथा एक राखीव असू द्या, आणि त्याला जेवायला आधी पाठवा.