नवी तक्रार की जुन्या गोळीचा त्रास? वयस्कर माणसांच्या औषधांत या चुका टाळा

मार्चच्या शेवटी सोलापूरच्या पूर्व भागातली एक सूनबाई आमच्या मेडिकलमध्ये आली. "ताई, मामांची चक्करची गोळी संपलीय, तीच द्या. आणि हात थरथरायला लागलेत त्यांचे, त्यावरही काहीतरी बघा."

मामा म्हणजे तिचे सासरे, आमचे अप्पा. वय ७६, वजन ४८ किलो, सगळी हयात टॉवेलच्या मागावर गेलेली. मी तिला म्हटलं, आधी घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन ये. संध्याकाळी तिने पिशवी काउंटरवर रिकामी केली. रोजच्या नऊ गोळ्या निघाल्या, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या. चक्करच्या गोळीला तर चिठ्ठीच नव्हती.

त्या नऊ पाकिटांत अप्पांच्या सहा महिन्यांची गोष्ट होती. ती उलगडून सांगते, कारण अशी पिशवी मला महिन्यातून दोन-तीनदा तरी दिसते.

चूक पहिली: ब्रँडचं नाव वाचायचं, आतलं औषध नाही

अप्पांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ अशी एकत्र होती. दिवाळीच्या सुमारास बीपी वाढलं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी अम्लोडिपिन ५ वेगळी दिली. दोन पाकिटं, दोन रंग, दोन नावं. त्यामुळे आपण अम्लोडिपिन दुप्पट, म्हणजे १० मिलिग्रॅम घेतोय हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. आपल्याकडे एकत्र गोळ्या इतक्या आहेत की हे सहज घडतं. पाकिटावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं. प्रत्येक पाकिटावरचं ते नाव वहीत उतरवून काढा. एकच नाव दोनदा आलं तर डॉक्टरांना दाखवा.

चूक दुसरी: गोळीच्या त्रासाला नवा आजार समजायचं

महत्त्वाची चूक ही आहे. डोस दुप्पट झाल्यावर महिन्याभरात अप्पांच्या दोन्ही घोट्यांवर सूज आली. सकाळी कमी, संध्याकाळी चप्पल घट्ट व्हावी इतकी. अम्लोडिपिनने हे होतं, आणि डोस वाढला की जास्त होतं. ही गोळी बारीक रोहिण्या सैल करते. रक्त दाबाने पुढे येतं, पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, म्हणून पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते नुसतं चुकीच्या जागी साठतं.

पण सूज बघून लघवीची गोळी, टॉर्सेमाइड, सुरू झाली. सूज जेमतेम उतरली, रक्तातलं पाणी मात्र कमी झालं. मग अप्पांना उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. त्यावर कुणीतरी प्रोक्लोरपेराझिन दिलं, दिवसातून तीनदा. ही मुळात उलटी-मळमळीची गोळी आणि आपल्याकडे चक्करवर सर्रास दिली जाते. मेंदूतल्या डोपामाइनचं काम ती अडवते. तरुण माणसाने तीन-चार दिवस घेतली तर बहुधा निभावतं. अप्पा अडीच महिने घेत होते. चाल मंदावली, चेहरा निर्विकार झाला, हात थरथरू लागला. घरात सगळे म्हणाले, वय झालं. आणखी थोड्या दिवसांनी कंपवाताची दहावी गोळी आली असती.

म्हणून वयस्कर माणसाला काही नवीन झालं की तारखा मांडा. आधीच्या दोन-तीन महिन्यांत कोणती गोळी सुरू झाली, कुठला डोस वाढला? अप्पांच्या चिठ्ठ्या तारखेने लावल्यावर सूनबाईलाच कळलं, "म्हणजे ताई, एकीचं दुसरीने झाकलं, दुसरीचं तिसरीने." मात्र सूज एकाच पायावर असेल किंवा सोबत दम लागत असेल तर तारखा मांडत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

अंधारीचं कारण तपासायची रीत सोपी आहे. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजायचं, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजायचं. कुणीतरी धरून उभं राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय. अप्पांचं झोपून १३८/७४ होतं, उभं राहून १०८/६४. रात्री लघवीला उठताना माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं, ते बऱ्याचदा यामुळेच. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलेल्या बीपीत हे दिसत नाही.

चूक तिसरी: "क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग किडनी ठणठणीत"

अप्पांचं क्रिएटिनिन १.२ होतं आणि रिपोर्टवर लाल खूण नव्हती. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. म्हातारपणी स्नायू झडतात, मग किडनी थकलेली असली तरी आकडा बरा दिसतो. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते ते काढायचा एक जुना हिशोब आहे: १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाईमाणसासाठी आलेलं उत्तर ०.८५ ने गुणायचं.

अप्पांचं: ६४ × ४८ = ३०७२, भागिले ८६.४, म्हणजे मिनिटाला साधारण ३६ मिलिलिटर. तेच क्रिएटिनिन ६५ किलोच्या चाळिशीतल्या माणसाला असतं तर उत्तर ७५ आलं असतं. रिपोर्ट एकच, किडनी निम्मी.

अशा किडनीवर अप्पा गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक घेत होते. किडनीत रक्त येण्याची वाट आणि जाण्याची वाट, दोन्ही ती गरजेप्रमाणे लहान-मोठी करून गाळण्याचा दाब राखते. दुखण्याची गोळी येणारी वाट आवळते, टेल्मिसार्टन जाणारी सैल करते आणि लघवीची गोळी मुळात रक्तातलं पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र, वर सोलापूरचा एप्रिल-मे, पारा ४२ च्या पुढे आणि तहान कमी लागणारं म्हातारं शरीर. चार दिवस जुलाब झाले तरी किडनी बसू शकते.

साखरेच्या गोळीतही हाच धोका होता. ग्लिमेपिराइडचा जोर थकलेल्या किडनीत जास्त वेळ टिकतो. अप्पा एकादशी करतात, दात नसल्याने कडक भाकरीही पोटभर जात नाही, गोळी मात्र पूर्ण. वयस्कर माणसाची साखर उतरली की घाम येईलच असं नाही. तो बरळतो, चिडतो, पेंगतो. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पण या गोळीने साखर पुन्हा उतरते म्हणून लगेच दवाखाना गाठा.

चूक चौथी: घाबरून सगळं एकदम बंद करायचं

सूनबाईने त्याच रात्री सगळ्या गोळ्या बंद करते म्हटलं. मी हात धरला. झोपेच्या गोळ्या, स्टिरॉइड, मेटोप्रोलॉलसारख्या हृदयाच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं. पिशवी आणि तारखांचा कागद घेऊन ती एका फिजिशियनकडे गेली.

त्यांनी जादाची अम्लोडिपिन, प्रोक्लोरपेराझिन आणि डायक्लोफिनॅक आधी थांबवलं. पायांची सूज ओसरल्यावर टॉर्सेमाइडही बंद केलं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.४ होतं, या वयाला आणि या गोळीवर नको इतकं खाली, म्हणून ग्लिमेपिराइड काढून नुसती मेटफॉर्मिन ५०० दोनदा ठेवली. किडनीचा आकडा ३० च्या खाली गेला तर तीही बंद. दुखण्याची गोळी गेल्यावर तिच्यासाठीची पित्ताची गोळी पँटोप्राझोलही गेली.

आषाढीला अप्पा स्वतः दुकानात आले. नऊच्या चार गोळ्या झाल्यात, गुडघ्यांसाठी लागेल तेव्हा पॅरासिटामॉल. उभं राहिल्यावरचं बीपी १२८. हाताची थरथर अजून थोडी आहे. ती जायला काही महिने लागतात. गुडघे दुखतातच, म्हणाले. काउंटरवर त्यांनी नातवाच्या वहीचं पान ठेवलं: चार नावं, डोस, सुरू झाल्याची तारीख. खाली आणखी एक ओळ मी लिहून दिली, डोळ्यांत घालायच्या थेंबांची, कारण काचबिंदूच्या टिमोलॉलने नाडी मंदावते आणि थेंबांना कुणी औषधात धरत नाही.