कार्ड आत सरकवण्याआधीचं अर्धं मिनिट

नेरूळ ते खारघर या पट्ट्यातल्या एटीएमची देखभाल मी अकरा वर्षं केली. परवा सोसायटीतल्या काकांनी जिन्यात अडवलं. "अरे, एक तारखेला पेन्शन काढायला जायचंय. काय काय बघायचं ते एकदा लिहूनच दे." म्हणून ही यादी. आकडे घालून मुद्दे पाडले नाहीत, कारण तसं केलं की माणसं नुसते आकडे वाचतात.

तयारी घरीच सुरू होते. चोराला दोन गोष्टी लागतात: कार्डाच्या मागच्या काळ्या पट्टीवरची माहिती आणि तुमचा पिन. पट्टी वाचायला तो कार्डाच्या खाचेवर स्वतःचं एक तोंड चढवतो, त्याला स्किमर म्हणतात. पिनसाठी तो बारीक कॅमेरा लावतो, नाहीतर कीपॅडवर दुसरं खोटं कीपॅड बसवतो. या माहितीवरून तो कोऱ्या कार्डावर तुमची पट्टी उतरवतो. चिपची नक्कल मात्र अशी करता येत नाही. त्यामुळे चिप बघणाऱ्या इथल्या बहुतेक मशीनवर ते नकली कार्ड अडतं, आणि चोर ते अजूनही पट्टीवर पैसे देणाऱ्या परदेशी मशीनवर चालवायला बघतो. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशातले व्यवहार बंद आहेत ना, ते आधी पाहा. हे बटण ग्राहकाच्या हातात द्यायला रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं. जुनं कार्ड असेल तर ते बटण कदाचित चालूच राहिलेलं असतं. तिथेच एटीएमची रोजची मर्यादाही खाली आणा. महिन्याला पंधरा हजार काढणाऱ्याला रोज पन्नास हजारांची मुभा कशाला हवी? काकांचं म्हणणं, "मुलगी दुबईला आहे, कधी गेलो तर?" गेलात तर विमानतळावर बसून चालू करा.

कार्डामागे छापलेला बँकेचा नंबर मोबाईलमध्ये उतरवून घ्या. एटीएमच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरचा नंबर कधीही लावू नका. तसे कागद चोरही चिकटवतात, आणि कार्ड अडकलं की घाबरलेला माणूस नेमका तोच नंबर फिरवतो.

आता एटीएमच्या दारात. शक्य असेल तर दोन मशीन शेजारीशेजारी असलेलं ठिकाण निवडा. यामागे माझा अनुभव आहे. एका रविवारी संध्याकाळी नोटा अडकल्याची तक्रार आली म्हणून मी सीवूड्सजवळच्या एका एटीएमवर गेलो. दोन्ही मशीन एकाच बनावटीची, एकाच दिवशी बसवलेली. डावीकडच्या मशीनचा खाचेभोवतीचा हिरवा दिवा लखलखीत लुकलुकत होता. उजवीकडचा दुधी काचेमागे असल्यासारखा मंद, आणि खाचेचं खालचं ओठ बोटभर जास्त पुढे आलेलं. रंगही तोच, पण डावीकडे प्लॅस्टिकवर वर्षानुवर्षांच्या नखांच्या ओरखड्यांची जाळी होती. उजवीकडे एकही ओरखडा नाही. जुन्या मशीनला नवं कोरं तोंड! अंगठा आणि तर्जनीने धरून हलवलं तर ते कुरकुरलं. मूळ खाच मशीनच्या आतून स्क्रूने बसवलेली असते, ती हलत नाही.

तेव्हा पहिली तपासणी हीच: खाच धरून डावीउजवीकडे आणि स्वतःकडे जरा जोर लावून हलवायची. लाजू नका, मशीन तुटत नाही. दिव्याचा उजेड झाकलेला आहे का, कडेला गोंदाचा ओघळ किंवा दुहेरी टेपची पांढरी रेघ दिसते का, ते बघा. शेजारी दुसरं मशीन असेल तर हे सगळं दोनदा बघायचं नाही, फक्त दोघांमधला फरक शोधायचा.

मग नजर वर न्या. त्या रविवारी कॅमेरा कीपॅडच्या बरोबर वर, स्क्रीनखालच्या अरुंद पट्टीत होता. पट्टी मशीनच्याच रंगाची, तिला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. मागे मोबाईलची बॅटरी आणि मेमरी कार्ड. कॅमेऱ्याची जागा ठरलेली नसते. माहितीपत्रकांचा खोका, वरच्या दिव्याची पट्टी, बाजूचा आरसा, काहीही चालतं, पण तिथून कीपॅड दिसायलाच हवं. म्हणून उलटा विचार करा: कीपॅडवर बोट ठेवा आणि त्या बोटाला कोण कोण बघू शकेल, तेवढंच तपासा. पाच सेकंदांचं काम. छताच्या कोपऱ्यातला मोठा कॅमेरा बँकेचा असतो, त्याला घाबरू नका.

कीपॅडची कड नखाने उचलून बघा. वर खोटं बसवलेलं असेल तर कड उचलली जाते, बटणं फुगीर दिसतात आणि दाबताना भिजलेल्या पावासारखी लागतात. इथे कसूर करू नका, कारण हाताने झाकल्यावर कॅमेरा आंधळा होतो, खोटं कीपॅड होत नाही.

झाकायचंही एक तंत्र आहे. बहुतेक लोक हात बाजूला आडवा धरतात, म्हणजे रांगेतल्या माणसापासून लपतात आणि वरच्या कॅमेऱ्याला सगळं दाखवतात. डाव्या तळव्याचं छप्पर करून ते उजव्या बोटांना जवळजवळ टेकवायचं. पावसाळ्यात एका हातात छत्री, काखेत पिशवी असते. ती आधी खाली ठेवा, रांग थांबेल.

सगळं पाहूनही एक प्रकार सुटतो. काही स्किमर कागदासारखे पातळ असतात आणि पूर्ण खाचेच्या आत बसतात. बाहेरून काहीच हलत नाही, दिसत नाही. कार्ड नेहमीपेक्षा घट्ट गेलं तर शंका घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. तिथे राखतात त्या दोनच गोष्टी: झाकलेला पिन आणि घरी बंद केलेलं ते बटण. त्यामुळे मशीन कितीही स्वच्छ दिसलं तरी हात झाकायचाच.

काही सापडलं तर ते उपटून खिशात घालू नका. लावणारा मेमरी कार्ड न्यायला परत येतो, कधी समोरच्या टपरीवर बसून नजरही ठेवतो. कार्ड न घालता बाहेर या, थोडं लांब जा आणि मग बँकेला आणि 112 ला फोन करा.

कार्ड आधीच घालून झालं असेल तर ॲपमधून ते लगेच बंद करा आणि नवं मागवा. पैसे गेल्याचा मेसेज आला तर बँकेला कळवा आणि 1930 वर तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. म्हणजे मेसेज दुसऱ्या शनिवारी रात्री आला आणि पुढे सणाची सुट्टी नसेल, तर सोमवार, मंगळवार, बुधवार. पण बुधवारची वाट बघत बसलात तर चोर तोवर आणखी काढेल. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवला असेल तर मात्र निष्काळजीपणा तुमचा ठरतो, आणि कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी.

काकांच्या पाकिटावर चार आकडे निघालेच. "तो पिन नाही रे, वाढदिवस आहे," म्हणाले. पिनही तोच होता. काल ॲपमध्ये बसून बदलून दिला.