मॅच्युरिटी लेव्हल कशी ठरवावी: नियमावली असली म्हणून लेव्हल ३ होत नाही

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरात मॅच्युरिटी मॉडेलवर, म्हणजे कंपनी आपली कामं किती शिस्तीने चालवते हे मोजणाऱ्या पट्टीवर, प्रश्न आला की बरेच जण पाच लेव्हलची नावं ओळीने लिहून पेन खाली ठेवतात. नावं पाठ असणं ही सुरुवात झाली. प्रश्न बहुधा केस देतो आणि विचारतो, ही कंपनी कुठे आहे आणि पुढे काय करावं. नोकरीतही हेच विचारतात.

इथे पी३एम३ हे मॅच्युरिटी मॉडेल घेऊ. त्यात पोर्टफोलिओ, प्रोग्रॅम आणि प्रोजेक्ट अशी तीन स्वतंत्र मॉडेल्स आहेत. प्रत्येकात सात अंगं तपासतात: गव्हर्नन्स, मॅनेजमेंट कंट्रोल, बेनिफिट्स, रिस्क, स्टेकहोल्डर, फायनान्स आणि रिसोर्स. लेव्हल्स एकूण पाच आहेत, १ ते ५ या क्रमाने: जाणीव, पुन्हा करता येणारी प्रक्रिया, ठरवलेली प्रक्रिया, मोजून चालवलेली प्रक्रिया, सतत सुधारली जाणारी प्रक्रिया.

पहिली पायरी सोपी: तीनपैकी कोणतं मॉडेल तपासताय ते लिहा आणि चालू प्रोजेक्ट्सची यादी काढा.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक अंगाला लेव्हल देणं. गाडी इथेच अडते, आणि तीही जवळजवळ नेहमी २ आणि ३ च्या मध्ये.

एक केस घ्या. पाणीपुरवठ्याची कामं करणाऱ्या कंपनीत १४ प्रोजेक्ट्स चालू आहेत. सर्व्हरवर रिस्कची ६० पानी नियमावली आहे, संचालकांच्या सहीची. पण रिस्क रजिस्टर फक्त पाच प्रोजेक्ट्सकडे, आणि पाचांचे नमुने पाच तऱ्हेचे. बाकीच्या नऊ ठिकाणी रिस्क फक्त प्रोजेक्ट मॅनेजरच्या डोक्यात. नियमावली बघून लेव्हल ३ देण्याचा मोह होतो. देऊ नका. लेव्हल ३ म्हणजे प्रक्रिया कंपनीने एका जागी ठरवलेली आहे आणि सगळे प्रोजेक्ट्स ती वापरतात. इथे काम चांगलं होतं ते त्या पाच मॅनेजरांमुळे. त्यातले दोघे सोडून गेले की तेही बंद. हे लेव्हल २ चं लक्षण. उलट, लहान प्रोजेक्टने रजिस्टर छोटं केलं आणि तशी मुभा नियमावलीतच असेल, तर तो लेव्हल ३ चा भंग नाही.

पुरावा मागताना “रजिस्टर आहे का?” असं विचारू नका, उत्तर कायम ‘हो’ येतं. “मागच्या महिन्यात बंद केलेली एखादी रिस्क दाखवा, कोणी बंद केली आणि का” असं विचारा. सगळ्या रजिस्टरांत शेवटचा बदल तपासणीच्या आदल्या संध्याकाळचा दिसला, तर तो कागद तुमच्यासाठी बनवलेला आहे.

लेव्हल ४ साठी वेगळा पुरावा लागतो: आकडे गोळा होतात आणि त्यांवरून निर्णय बदलतात. नुसते डॅशबोर्ड लावले म्हणून ४ मिळत नाही.

तिसरी पायरी, एकूण लेव्हल. समजा याच कंपनीत गव्हर्नन्स, कंट्रोल आणि फायनान्स ३. रिस्क, स्टेकहोल्डर आणि रिसोर्स २. बेनिफिट्स १ असं आलं. सरासरी २.३ निघते, पण ती लिहिलीत तर मार्क गेले. सर्वात कमी अंगाची लेव्हल हीच एकूण लेव्हल, म्हणजे १.

चौथी पायरी, सुधारणा. गव्हर्नन्स ४ वर नेण्याचे प्रस्ताव आधी येतात, कारण तिथे माणसं आणि बजेट आधीपासून असतं. इथे आधी बेनिफिट्स २ वर आणायला हवं. प्रत्येक नव्या बिझनेस केसमध्ये फायदा कोण मोजणार आणि हस्तांतरानंतर किती महिन्यांनी, हे नावासकट लिहायचं. पाणी योजनेत उदाहरणार्थ गळती किती कमी झाली हे सहा महिन्यांनी कोणत्या अभियंत्याने नोंदवायचं. ते एक-दोन प्रोजेक्ट्सवर नीट चालल्याखेरीज ३ ची भाषा नको. आणि सगळ्यांनी ५ गाठलंच पाहिजे असंही नाही. वर्षाला दोन छोटी कामं करणाऱ्या कंपनीला लेव्हल ४ च्या मोजमापाचा खर्च परवडणार नाही. ध्येय धंद्याच्या गरजेवरून ठरवा, आणि उत्तरातही ते कारण लिहा.

आता पेपरात येतात तसे प्रश्न.

“कंपनीकडे मंजूर नियमावली आहे, म्हणून ती लेव्हल ३ वर आहे. चर्चा करा.” नियमावली आवश्यक, पण पुरेशी नाही, सातत्याच्या वापराचा पुरावा मागा आणि केसमधली दोन वाक्यं उचलून दाखवा.

“एका कंपनीचं प्रोजेक्ट मॉडेल ३ वर आणि पोर्टफोलिओ १ वर असू शकतं का?” असू शकतं, कारण मॉडेल्स स्वतंत्र आहेत. कामं नीट पार पडतात, पण कोणती कामं घ्यायची याला शिस्त नाही, असा त्याचा अर्थ.

“ओपीएम३ आणि पी३एम३ यांतला फरक सांगा.” पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेने २००३ मध्ये आणलेल्या ओपीएम३ मध्ये पाच लेव्हलची शिडी नाही. त्यात चांगल्या पद्धतींची यादी असते आणि प्रक्रिया प्रमाणित करा, मोजा, नियंत्रणात आणा, सुधारा या चार टप्प्यांनी पुढे जातात. त्यामुळे ओपीएम३ च्या उत्तरात “कंपनी लेव्हल ३ वर आहे” असं लिहिलंत, तर परीक्षक तिथेच लाल पेन काढतो.