सात दिवसांची सरासरी काढता, पण वाचता कशी? या चुका टाळा

रोज सकाळी वजन करणारे बरेच जण आता सात दिवसांची चल सरासरी, म्हणजे मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, काढायला लागलेत. काढायला सोपी आहे. वहीत किंवा शीटमध्ये रोजचा आकडा लिहायचा आणि आजचा धरून मागच्या सात आकड्यांची सरासरी घ्यायची:

```
=AVERAGE(B2:B8)
```

अडचण पुढे येते. सरासरी काढून झाली की लोक ती रोजच्या वजनासारखीच वाचतात. काल ७८.००, आज ७८.११, म्हणजे वाढलं! ही एकच चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आज आधी तिच्याबद्दलच लिहिते.

माझ्या धाकट्या भावाचं उदाहरण घ्या. पहिल्या आठवड्यात सोमवार ते रविवार त्याचे आकडे असे होते: ७८.६, ७८.२, ७८.९, ७७.३, ७७.५, ७८.३, ७८.४. गुरुवार-शुक्रवारचे दोन खालचे आकडे पोट बिघडल्यामुळे आलेले. दुसऱ्या आठवड्यात ७८.३, ७८.०, ७८.२, ७८.१, ७७.९, ७८.०, ७७.८. नुसते आकडे वाचले तरी कळतं की दुसरा आठवडा शांतपणे खाली चाललाय. पण त्या आठवड्यातल्या बुधवारी त्याची सरासरी होती ७८.००, गुरुवारी झाली ७८.११ आणि शुक्रवारी ७८.१७. काटा खाली येत होता आणि सरासरी वर जात होती. शुक्रवारी सकाळीच त्याचा फोन आला, "ताई, आता तर सरासरीच वाढायला लागली." त्याआधीच त्याने रात्रीचं जेवण बंद करायचं ठरवून टाकलं होतं.

झालं काय होतं ते समजून घ्या. सात दिवसांच्या खिडकीत आजचा आकडा आत येतो तेव्हा सात दिवसांपूर्वीचा बाहेर पडतो, मधले सहा तसेच राहतात. म्हणून आजची सरासरी वजा कालची सरासरी म्हणजे आजचं वजन वजा सात दिवसांपूर्वीचं वजन, भागिले सात. बस, एवढंच. गुरुवारी ७८.१ आत आले आणि पोट बिघडलेल्या दिवसाचे ७७.३ बाहेर गेले. फरक ०.८, भागिले सात, म्हणून सरासरी ०.११ ने वर. ती वाढ त्या गुरुवारची नव्हतीच, आठवड्यापूर्वीच्या आजारपणाची होती. लागोपाठच्या दोन दिवसांच्या सरासऱ्या ताडून पाहणं म्हणजे दोन सुटे आकडे ताडून पाहणं. ज्या चढ-उतारापासून सुटका हवी म्हणून सरासरी काढली, तोच मागच्या दाराने परत येतो.

माझी सवय अशी: सरासरी अनपेक्षित हलली की आजच्या आकड्याकडे नंतर पाहते, आधी खिडकीतून कोणता आकडा बाहेर पडला ते पाहते. आणि तुलना फक्त रविवारची रविवारशी करते, म्हणजे दोन सरासऱ्यांत एकही दिवस सामाईक राहत नाही. भावाच्या बाबतीत पहिला रविवार ७८.१७, दुसरा ७८.०४. घट १३० ग्रॅमच दिसते, कारण पोटाच्या त्या दोन दिवसांनी पहिल्या आठवड्याची सरासरी खाली ओढून ठेवली होती. असा विचित्र दिवस आला की मी मध्यक पाहते, म्हणजे सात आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, चौथा. शीटमध्ये `=MEDIAN(B2:B8)`. पहिल्या आठवड्याचा मध्यक ७८.३, दुसऱ्याचा ७८.०. इथे ३०० ग्रॅमची घट दिसते आणि ती खरीच्या जास्त जवळ आहे असं मला वाटतं.

तरीही दोन आठवड्यांवर निर्णय घेऊ नका. रोजचा चढ-उतार साधारण अर्ध्या किलोचा असेल तर आठवड्याच्या सरासरीतही दोनेकशे ग्रॅमची डगमग उरते. चार रविवार हातात आल्याशिवाय मी ताटातलं काही बदलत नाही. नवख्यांना हे सांगितलं की ते तीन दिवसांची सरासरी मागतात, लवकर कळावं म्हणून. ती लवकर हलते हे खरं, पण बहुतेक वेळा शरीरातल्या पाण्याच्या कमी-जास्तीमुळेच हलते.

सातच दिवस का, याचंही कारण आहे. सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या वेळा, मीठ, झोप सगळं बदलतं आणि दुसऱ्या सकाळी काटा वर जातो. सात दिवसांच्या खिडकीत प्रत्येक वार एकदाच येतो, म्हणून हा आठवड्याचा ताल आपोआप जिरतो. पाच किंवा दहा दिवस घेतले तर कधी सुट्टी आत, कधी बाहेर, आणि सरासरी झोके घेत राहते. मोठी खिडकी हवी असेल तर १४ किंवा २८ घ्या.

सरासरी मागून चालते हेही लक्षात ठेवा. सात दिवसांची सरासरी साधारण तीन दिवसांपूर्वीची स्थिती सांगते. सोमवारी आहार बदलून बुधवारी तिच्याकडे उत्तर मागू नये.

दुसरी मोठी चूक म्हणजे सरासरीने पाणीही गाळून टाकलं असं समजणं. ती एक-दोन दिवसांचा चढ-उतार गाळते. आठवडाभर टिकलेलं पाणी तिच्यातून सरळ पार होतं. पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले की स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, घटते. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, ते सगळं निघून जातं. पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि माणूस तोच वेग धरून पुढचे महिने मोजायला लागतो. नवीन व्यायामाने दुखावलेले स्नायू याच्या उलट पाणी धरून ठेवतात. ओळखायची खूण अशी: चरबीची घट उतारासारखी दिसते, पाण्याचा बदल पायरीसारखा. सरासरी एकदम एक पायरी उतरून किंवा चढून मग सपाट झाली, तर पायरी सोडून द्या आणि तिच्यानंतरचा उतार मोजा. पाळी येणाऱ्या बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करूच नये. मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी.

बाकीच्या चुका थोडक्यात. शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकदाच वजन करा. मनासारखा आकडा येईपर्यंत काट्यावर चढ-उतर करू नका. काल जास्त खाल्लं म्हणून आज वजन टाळलं, तर वरचे आकडे वहीत येतच नाहीत आणि सरासरी खोटी होते. एखादा दिवस चुकला तर रकाना रिकामा सोडा. कालचा आकडा परत लिहिला तर तो दोनदा मोजला जातो आणि शून्य टाकलं तर `AVERAGE` ते खरं वजन समजून धरतं.

काटाही तपासा. काही डिजिटल काटे थोडाच फरक असला तर आधीचाच आकडा पुन्हा दाखवतात. आधी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन उभे राहा, मग ती ठेवून पुन्हा चढा. किलोभराचा फरक दिसला पाहिजे.

आणि ज्यांना हृदय अशक्त असल्यामुळे डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलंय, त्यांनी सरासरी काढत बसू नये. त्यांच्यासाठी दोन-तीन दिवसांत एकदम वाढलेलं वजन हेच पाणी साचल्याचं लक्षण असतं. सरासरी ते दडवते. असं वजन वाढलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.