या चुका टाळा: मुलांशी फोटो शेअर करण्याबद्दल बोलताना

मी आठवी-नववीच्या मुलांना शिकवते. पालकांचं एक वाक्य मला आता पाठ झालंय: "आम्ही त्याला बजावलंय, स्वतःचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही." एवढं झालं की त्यांच्या दृष्टीने विषय संपतो. माझ्यापर्यंत येणाऱ्या भानगडींमध्ये मात्र बहुतेक वेळा फोटो दुसऱ्याचाच असतो. आपलं मूल फक्त फसवलं जाऊ शकतं, असं धरून बोलणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. तेच मूल फोटो काढणारं, पाठवणारं, पुढे ढकलणारंही असतं आणि त्याबद्दल त्याच्याशी कुणीच बोललेलं नसतं.

"View once ने पाठवलाय ना, मग काय होतंय?"

माझा भाचा चौदा वर्षांचा. सहलीहून परतताना बसमध्ये त्याचा मित्र तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. भाच्याने फोटो काढला आणि मागच्या सीटवरच्या एका मित्राला View once ने पाठवला. व्हॉट्सॲपवर असा फोटो एकदाच उघडतो, सेव्ह करता येत नाही, फॉरवर्ड होत नाही, स्क्रीनशॉटही घेऊ देत नाही. भाच्याला हे सगळं नीट माहीत होतं आणि म्हणूनच तो निर्धास्त होता. मागच्या सीटवरच्याने काय केलं? शेजाऱ्याचा फोन घेतला आणि आपल्या स्क्रीनचाच फोटो काढला. संध्याकाळपर्यंत पार्श्वभूमी कापून त्याचा स्टिकर झाला होता आणि वर्गाच्या ग्रुपवर प्रत्येक कंटाळवाण्या मेसेजखाली तो पडत होता.

रात्री भाचा माझ्याकडे आला. "मावशी, मी तर एकालाच पाठवला होता गं." मी त्याचा फोन घेतला, ग्रुपच्या ॲडमिन मुलाला फोन करून स्टिकरचे सगळे मेसेज सर्वांसाठी डिलीट करायला लावले आणि झालं म्हणून झोपले. ही घाई माझी चूक होती. मेसेज गेले, पण स्टिकर ही वेगळी फाइल असते. ज्यांनी ती फेव्हरिटमध्ये टाकली होती, त्यांच्याकडे ती जशीच्या तशी राहिली. शिवाय कुणीकुणी वापरली हे कळायचा एकमेव मार्ग मीच पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सावकाश बसून आम्ही उलट्या क्रमाने गेलो. आधी भाचा बसमध्ये झोपलेल्या त्या मित्राच्या घरी गेला. मेसेज नाही, प्रत्यक्ष. काय केलं ते सांगितलं आणि विचारलं, "आता तुला काय हवंय?" मी भाच्याला ग्रुपवर जाहीर माफी मागायला लावणार होते. मित्र म्हणाला, "ग्रुपवर काही लिहू नकोस, ज्यांनी पाहिलं नाही तेही शोधतील." माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं. ज्याचा फोटो आहे त्याला विचारल्याशिवाय दुरुस्तीही करू नये, हे मी त्या दिवसापासून पाळते.

मग आठवेल तशी नावं कागदावर लिहिली. सात मुलं निघाली. भाच्याने एकेकाला गाठून स्टिकर फेव्हरिटमधून काढायला सांगितला, गॅलरीतला फोटो काढायला सांगितला आणि नंतर कचऱ्याची पेटीही उघडायला लावली. हे शेवटचं सगळे विसरतात. बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तरी गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनच्या Recently Deleted मध्ये साधारण ३० दिवस. सातपैकी एकाने स्टिकर आपल्या चुलतभावाला पाठवला होता. अकरा दिवसांनी तो तिसऱ्याच एका ग्रुपवर दिसला. तिथे भाच्याच्या ओळखीचं कुणीच नव्हतं, त्यामुळे तो थांबवता आला नाही.

म्हणून "इंटरनेटवर गेलं ते कायमचं" असं मुलांना मोघम सांगू नका. ते वाक्य ऐकून मुलं मान हलवतात आणि विसरतात. त्याऐवजी फोटोचा प्रवास एकदा त्यांच्यासोबत कागदावर काढा: माझा फोन, त्याचा फोन, शेजाऱ्याचा कॅमेरा, स्टिकर, बॅकअप. प्रत्येक टप्प्यावर विचारा, "इथून तुला परत काढता येईल का?" Delete for everyone कितपत पुरतं, हेही त्यांनाच शोधू द्या. व्हॉट्सॲपवर त्याला साधारण अडीच दिवसांची मुदत आहे आणि समोरच्याच्या गॅलरीत आधीच उतरलेला फोटो त्याने जाईलच असं नाही.

"तिने काही म्हटलं नाही, म्हणजे चालतंय"

गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे मुलांना कळतं. पुढचं कळत नाही. फोटो काढायला हो म्हणणं वेगळं, पाठवायला हो म्हणणं वेगळं. पाच जणींच्या ग्रुपला दिलेला होकार स्टेटसला लागू होत नाही. आणि चार जण हसत उभे असताना "टाकू ना?" विचारलं, तर कोण नाही म्हणेल? भाच्याला मी लावलेली सवय साधी आहे: ज्याचा फोटो, त्याला बाजूला घेऊन तो फोटो दाखवायचा, कुठे आणि कोणाला जाणार ते सांगायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मागे कोपऱ्यात आलेल्यालाही विचारायचं, नाहीतर कापून टाकायचं. नंतर तो "काढ" म्हणाला तर कारण न विचारता काढायचं.

"एवढं कोण करतं, वेळ जातो," असं मुलं म्हणतात. जाऊ द्यावा. तेवढा वेळ नसेल तर तो फोटो पाठवायची गरजही नसते. झटपट पाठवण्याची ही घाई मला खरोखर खुपते.

पण हे तेव्हाच पटतं, जेव्हा तुम्हीही मुलाचा फोटो स्टेटसला टाकण्याआधी त्याला विचारता. तो नाही म्हणाला की ऐकताही.

चॅटचा स्क्रीनशॉट हाही दुसऱ्याचाच असतो. नाव कापलं तरी बोलण्याच्या ढबीवरून वर्गात माणूस ओळखला जातो.

चोरून फोन तपासू नका. एकदा पकडले गेलात की पुढची भानगड तुमच्या कानावर येणारच नाही.

घाबरून फोन काढून घेणं

मूल स्वतःहून सांगायला आलं आणि तुम्ही फोन जप्त केलात, तर तो प्रसंग सांगितल्याची शिक्षा ठरतो. अंगावरच्या कपड्यांशिवायचा किंवा तसल्या प्रकारचा फोटो फिरत असेल, तर हे दुप्पट महत्त्वाचं. अशा वेळी पुरावा म्हणून तो फोटो स्वतःला पाठवून घेऊ नका, स्क्रीनशॉटही घेऊ नका. अल्पवयीन मुलाचा असा फोटो जवळ ठेवणं हाच गुन्हा ठरू शकतो. खात्याचं नाव, ग्रुपचं नाव, तारीख, वेळ कागदावर लिहा आणि त्या ॲपवर तक्रार करा, पोलिसांकडेही जा.

त्याशिवाय takeitdown.ncmec.org ही मोफत सेवा आहे. फोटो काढला तेव्हा मूल १८ वर्षांखालचं असेल तर ती वापरता येते, नाव द्यावं लागत नाही. फोटो ज्या फोनमध्ये आहे त्यातून बाहेर जात नाही. त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी ॲप्स तो जुळवून फोटो काढतात. बंधनं दोन: फोटो कापला-बदलला असेल तर ठसा जुळत नाही आणि व्हॉट्सॲपसारख्या कूटबद्ध खासगी चॅटपर्यंत ही सेवा पोहोचत नाही.