गजर चढवताना टाळी फाटते? या चुका टाळा

लालबागच्या एका चाळीत गणपतीत आमचं भजन असतं. बुवा पेटीवर, मी पखवाजावर, सहा जण कोरसला आणि दोन चकवावाले, म्हणजे झांज वाजवणारे. शेवटचा गजर ठरलेला, ‘जय जय रामकृष्ण हरी’. ही एकच ओळ संथ सुरू करून चढवत न्यायची. एका वर्षी ती अशी काही चढली की चौकातली माणसं एका ठिकाणी, तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीतली दुसऱ्या ठिकाणी, आणि मी तिसरीकडेच. टाळ्यांचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा येत होता. नंतर एक काकू म्हणाल्या, “अहो, तुम्ही पळत होतात की आम्ही?” प्रामाणिक उत्तर होतं, सगळेच.

पहिली चूक सुरुवातीलाच झाली होती. आम्ही गजर उचलला तोच मिनिटाला शंभर मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, पुढे. आधीचा अभंग रंगलेला असतो, हात गरम असतात, त्यामुळे हे सहज होतं. पण साधा प्रेक्षक मिनिटाला दीडशेच्या पुढे गेला की टाळी नीट वाजवत नाही, नुसते हात हलवतो. म्हणजे चढायला जागा उरली किती? आता आम्ही ७६ ला सुरू करतो. मोबाईलवरच्या मेट्रोनोमवर वेग घरी ऐकून अंगात मुरवायचा. भजनाला बसल्यावर मोबाईल खिशात.

दुसरी चूक हळूहळू चढवण्याची. ऐकायला उलटं वाटेल, पण वेग सतत थोडा थोडा वाढत असला की मागच्या रांगेला धरायला काहीच मिळत नाही. एक टाळी जुळेपर्यंत पुढची सरकलेली असते. त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या. एक वेग धरा, त्यावर माणसं बसू द्या, मग स्पष्ट उडी मारा. आमच्या पायऱ्या ७६, ८८, १०१, ११६, १३३ आणि १५२. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा साधारण पंधरा टक्के वर. सुरुवातीला आम्ही दर वेळी दहा वाढवायचो, तिथे फसलो. ७६ वर दहा वाढले तर कुणालाही कळतं. १४० वर दहा वाढले तर वेग बदललाय हे अर्ध्या लोकांच्या ध्यानातच येत नाही, आणि ते जुन्या वेगात टाळ्या वाजवत राहतात.

प्रत्येक पायरीवर ओळ आठ वेळा, म्हणजे बुवा एकदा आणि लोक एकदा, अशा चार जोड्या. आठ मात्रांची ओळ धरली तर सगळा चढ साडेतीन मिनिटांच्या आसपास आटोपतो. वेग बदलायचा तो लोकांची ओळ संपल्यावर, समेवरच, म्हणजे पुढच्या ओळीच्या पहिल्या मात्रेवर. आणि नव्या वेगातली पहिली ओळ बुवांनी एकट्याने म्हणायची. लोकांना नवा वेग आधी कानाने मिळाला पाहिजे, हात मागून येतात. आमचे बुवा पूर्वी लोकांच्या ओळीच्या मधेच उसळायचे, रंगात येऊन. त्यांना सांगायला दोन वर्षं लागली. बुवांना कोण सांगणार!

आता ती जागा, जिथे गजर खरा मोडतो. ‘जय, जय, राम, कृष्ण, हरी’ या पाच मात्रा झाल्या. ‘री’ लांबवत उरलेल्या तीन मात्रा भरायच्या असतात. संथ वेगात लोक ते लांबवतात आणि तिथेच श्वास घेतात. ११६ च्या पुढे धीर सुटतो. आठव्या मात्रेवरच कुणीतरी ‘जय’ म्हणून मोकळा होतो, शेजारचा त्याच्या मागे जातो, आणि अर्ध्या चौकाची ओळ सात मात्रांची होते. टाळी चालूच असते, त्यामुळे बिघाड लगेच कळत नाही. ओळखायचं कसं? लोकांचा ‘जय’ तुमच्या समेच्या आधी ऐकू आला की समजा, मात्रा गिळली.

इलाज सोपा आहे. रिकामी जागा रिकामी ठेवू नका. मी सातवी आणि आठवी मात्रा पखवाजावर उघडी, ठणठणीत वाजवतो, आणि बुवा त्या जागेत ‘विठ्ठल!’ अशी हाक घालतात. हाक ऐकू येईपर्यंत लोक थांबतात. त्या दोन मात्रांवर बोटांची करामत दाखवायचा मोह मलाही होतो, पण तिथे बारीक बोल वाजवले की लोकांना सम सापडत नाही.

गॅलरीचा प्रश्न मात्र वेगळा. आवाजाला पंचवीस मीटर जायला सेकंदाचा सुमारे चौदावा भाग लागतो. ७६ च्या वेगात एक मात्रा पाऊण सेकंदाहून मोठी असते, तिथे हा उशीर खपून जातो. १५२ वर मात्रा निम्मी होते आणि तोच उशीर दुप्पट बोचतो. शिवाय एखाद्या हौशी मुलाने मागे ब्लूटूथचा स्पीकर लावला असेल तर आणखी भर, कारण त्यातून आवाज बऱ्याचदा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही उशिरा बाहेर पडतो. आमच्याकडे त्या वर्षी तसाच होता, गेटजवळ. मागचा स्पीकर हवाच असेल तर वायरीचा घ्या. लांबच्या लोकांसाठी कोरसमधला एक जण उभा राहून हात डोक्यावर नेऊन टाळी देतो. डोळ्याला उशीर लागत नाही.

आणि १५२ वर पोचल्यावर? इथे एक युक्ती आहे, जी आम्हाला नाइलाजाने सापडली. एकदा दमलेल्या माणसांनी आपोआपच एक मात्रा सोडून टाळी द्यायला सुरुवात केली, आणि सगळा चौक एकदम जुळला. १५२ ची निम्मी ७६, म्हणजे हात पुन्हा पहिल्या पायरीवर आले आणि गाणं मात्र दुगुणीत धावत राहिलं. २००० साली ‘नेचर’ मध्ये नाट्यगृहातल्या टाळ्यांचा अभ्यास छापून आला होता, त्यातही हेच होतं: प्रेक्षकांची टाळी एका ठेक्यात येते ती वेग साधारण निम्मा केल्यावर, आणि घाई वाढली की पुन्हा विस्कटते. आता आम्ही हे मुद्दाम करतो. १५२ ची पहिली ओळ बुवा म्हणतात तेव्हाच उभा असलेला माणूस अर्धी टाळी दाखवतो. चकवा मात्र पूर्ण मात्रेवर चालू ठेवायचा, नाहीतर जोर गेल्यासारखा वाटतो.

एवढं करूनही फाटलंच, तर ‘एकत्र, एकत्र!’ असं माईकवर ओरडू नका, त्याने बोलण्याचा आणखी एक ताल तयार होतो. पेटी आणि कोरस बंद करा. एकच चकवा आणि डोक्यावरची अर्धी टाळी एवढंच दोन ओळी चालू द्या. टाळीचा आवाज ‘टर्र’ वरून ‘टप’ वर आला की बुवांनी त्याच वेगात ओळ उचलायची, वरच्या नाही. पुढची पायरी त्या दिवशी सोडून द्यायची.

शेवट करताना बुवा ‘हरी’ तीनदा म्हणतात, तिसऱ्याला मी पखवाजावर हात दाबून आवाज बंद करतो. तरी गॅलरीतून एक-दोन टाळ्या उशिरा येतातच.